पेडर रोडला ती किती वाजता पोहोचेल?

मॅरेथॉन बघायला जाणाऱ्या घरच्या माणसांचा प्रश्न एकच असतो. आपलं माणूस आपण उभे आहोत तिथून नेमकं किती वाजता जाणार? त्याचं उत्तर पाचवीतल्या मुलालाही देता येईल असं वाटतं. सुटण्याची वेळ घ्या, एका किलोमीटरला लागणारी मिनिटं अंतराने गुणा, दोन्हींची बेरीज करा. धावणारे या मिनिटांना 'पेस' म्हणतात. गणित बरोबरच आहे. तरीही दर जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर हातात फलक घेऊन उभी असलेली कितीतरी कुटुंबं आपला धावपटू पाहू शकत नाहीत. कोणी तो येऊन गेल्यावर पोहोचतं, तर कोणी कंटाळून निघून गेल्यावर तो येतो. चूक गुणाकारात नसते. गुणाकारात घातलेल्या आकड्यांमध्ये असते, आणि आपण मार्गावर कुठे उभे आहोत त्याप्रमाणे ती चूक बदलते. सुरुवातीच्या टप्प्यावर उभे असाल तर सुटण्याची वेळ दगा देते, शेवटच्या टप्प्यावर उभे असाल तर पेस. या प्रश्नावर आजवर जे काम झालं आहे ते या दोन टोकांच्या मधे नीट मांडता येतं.

उदाहरणासाठी मुंबई मॅरेथॉनच घेऊ. २००४ मध्ये सुरू झालेली ही शर्यत जानेवारीत होते. पूर्ण मॅरेथॉनचे हौशी धावपटू अलीकडच्या वर्षांत पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातून सुटतात. बघ्यांची आवडती जागा म्हणजे पेडर रोडचा चढ. परतीच्या वाटेवर तो साधारण छत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येत आला आहे. मार्ग अधूनमधून बदलतो, म्हणून किलोमीटरचा आकडा त्या वर्षीच्या नकाशावरूनच घ्यावा. आपण ३६ धरू.

समजा, तुमची चाळिशीतली बहीण धावते आहे आणि तिने 'साडेचार तास' सांगितलं आहे. ४२.१९५ किलोमीटरला २७० मिनिटं, म्हणजे पेस ६ मिनिटं २४ सेकंद. छत्तीस किलोमीटरला ३ तास ५० मिनिटं २४ सेकंद. पाचला सुटली तर आठ वाजून पन्नास मिनिटांनी पेडर रोड. बहुतेक घरांत हिशोब इथे संपतो आणि पावणेनऊला सगळे पदपथावर येऊन उभे राहतात.

आता या हिशोबातला पहिला आकडा, पाच वाजता, तपासू. पाचला बंदूक वाजते, बहीण सुटत नाही. हजारो धावपटू आपापल्या गटात उभे असतात. आधीच्या शर्यतीतली वेळ पाहून हे गट ठरतात, वेगवान पुढे आणि बाकीचे मागे. मागच्या गटातल्या माणसाला बंदुकीनंतर प्रत्यक्ष आरंभरेषा ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. म्हणूनच निकालात दोन वेळा छापतात. बंदुकीपासून मोजलेली ती गन टाइम, आणि स्वतः रेषा ओलांडल्यापासून मोजलेली ती नेट टाइम. धावपटू 'माझे साडेचार तास' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जवळजवळ नेहमी नेट टाइम असते. आपण मात्र ती बंदुकीच्या वेळेत मिळवतो.

बहिणीने रेषा पाच वाजून अकरा मिनिटांनी ओलांडली असं धरू. मग त्याच पेसने पेडर रोडची वेळ आठ-पन्नासवरून नऊ वाजून एक मिनिटावर जाते. ही अकरा मिनिटं अंतराबरोबर वाढत नाहीत की कमी होत नाहीत. पाचव्या किलोमीटरला ती जेवढी तेवढीच छत्तिसाव्यालाही. म्हणून मरीन ड्राइव्हवर चौथ्या-पाचव्या किलोमीटरला उभं राहणाऱ्याची सगळी चूक इथेच असते. तिथपर्यंत पेसमध्ये अर्ध्या मिनिटाचा फरक पडला तरी एकूण दोन-अडीच मिनिटंच सरकतात. रेषेवरचा उशीर मात्र त्याच्या चार-पाच पट असतो. त्यात पहिला किलोमीटर-दीड किलोमीटर गर्दीतून वाट काढत जावं लागतं, तिथे आणखी मिनिटभर जातं.

हा उशीर आधी कळणं कठीण, पण सुटल्यानंतर तो अगदी नेमका कळतो. बिबच्या मागे चिकटवलेली चिप आरंभरेषेवरच्या मॅटवरून जाताना वाचली जाते आणि शर्यतीच्या ट्रॅकिंगमध्ये ती वेळ दिसते. बघ्याला मिळणारी ही सगळ्यात मोलाची माहिती आहे. ती मिळाल्यावर जुना अंदाज टाकून द्यावा आणि नव्या वेळेपासून पुन्हा मोजावं.

मात्र इथे एक घोटाळा होतो. ट्रॅकिंगमध्ये दिसणारी टप्प्याची वेळ गन आहे की नेट, हे पाहिल्याशिवाय बेरीज करू नये. नेट टप्पा बंदुकीच्या वेळेत मिळवला तर तुम्ही अकरा मिनिटं आधी पोहोचता, आणि उभं राहण्यापलीकडे त्यात काही जात नाही. पण गन टप्पा तिच्या रेषा ओलांडण्याच्या वेळेत मिळवला तर तो उशीर दोनदा धरला जातो. मग तुम्ही अकरा मिनिटं उशिरा पोहोचता आणि ती निघून गेलेली असते. दोन्ही चुका आकड्याने सारख्या असल्या तरी दुसरीने सगळी सकाळ वाया जाते. शंका असेल तर अंदाज लवकरच्या बाजूला ठेवावा.

दुसरा आकडा पेस. तो मुळात येतो कुठून? पुष्कळदा धावपटूच्या इच्छेतून. जरा शिस्तीचा माणूस अलीकडच्या अर्धमॅरेथॉनवरून काढतो, आणि त्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याचं आहे. १९७७ मध्ये त्याने ते मांडलं:

```
T2 = T1 × (D2 / D1)^1.06
```

D1 अंतराला T1 वेळ लागला असेल तर D2 अंतराला T2 लागेल. घातांक १ असता तर पेस कायम राहिला असता. १.०६ म्हणजे अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून जरा जास्त, साधारण २.०८५ पट. बहिणीने अर्धमॅरेथॉन २ तास ५ मिनिटांत केली असेल तर सूत्र पूर्ण मॅरेथॉनला ४ तास २० मिनिटं देतं. तिने साडेचार सांगितलं, म्हणजे तिने स्वतःला दहा मिनिटं सूटच दिली आहे.

ती सूट किती शहाणपणाची आहे हे अँड्र्यू व्हिकर्स आणि एमिली व्हर्टोसिक यांच्या २०१६ च्या अभ्यासातून दिसतं. हौशी धावपटूंच्या वेळा घेऊन त्यांनी रीगलचं सूत्र तपासलं. अर्धमॅरेथॉनपर्यंत ते ठीक चालतं. पूर्ण मॅरेथॉनसाठी मात्र ते फार आशावादी ठरतं. सुमारे निम्म्या धावपटूंना सूत्राने दिलेल्या वेळेपेक्षा दहा किंवा अधिक मिनिटं जास्त लागली. कारण समजण्यासारखं आहे. सूत्र बसवलं गेलं ते मुख्यतः चांगल्या तयारीच्या धावपटूंच्या वेळांवर. आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर पळणाऱ्या माणसाची तयारी एकवीस किलोमीटरला पुरते, बेचाळीसला पुरत नाही. म्हणून हौशी माणसाच्या बाबतीत सूत्राचं उत्तर बघ्याने 'लवकरात लवकर' म्हणून वापरावं, 'बहुधा' म्हणून नव्हे.

पेसमधली आणखी एक बारीक गळती घड्याळाची आहे. शर्यतीचा मार्ग मोजतात तो सायकलच्या चाकाला बसवलेल्या मापकाने, धावपटूला घेता येईल त्या सर्वांत आखूड वाटेने. शिवाय मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून त्यात हजारात एक भाग जास्त धरतात. मॅरेथॉनमध्ये तो ४२ मीटर होतो. धावपटू मात्र वळणावर बाहेरून जातो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, लोकांना चुकवत नागमोडी पळतो, आणि उंच इमारतींमध्ये जीपीएसही भरकटतो. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात बेचाळीसच्या जागी साडेबेचाळीस-पावणेत्रेचाळीस दिसतात. एक टक्का जास्त अंतर म्हणजे घड्याळाचा पेस खऱ्यापेक्षा एक टक्क्याने चांगला. छत्तीस किलोमीटरवर ही दोन-सव्वादोन मिनिटं होतात. 'माझ्या घड्याळात तर ६:२४ च होता' असं शर्यतीनंतर ऐकू येतं ते खोटं नसतं, फक्त त्याचे किलोमीटर रस्त्याच्या किलोमीटरपेक्षा आखूड असतात.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेस कायम राहतच नाही. आपण गुणाकार करतो तो सरासरीचा, आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये हौशी धावपटू उत्तरार्धात मंदावतो. रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या चौदा मॅरेथॉनचे निकाल तपासले. पहिल्या अर्ध्याच्या तुलनेत दुसऱ्या अर्ध्यात पुरुष सरासरी १५.६ टक्क्यांनी मंदावले, स्त्रिया ११.७ टक्क्यांनी. स्त्रिया पेस जास्त सारखा राखतात हे नंतरही पुष्कळांनी नोंदवलं आहे. घरच्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की दाजी आणि ताई दोघांनी एकच लक्ष्य सांगितलं असेल, तर पेडर रोडला दाजींच्या वेळेवर भरवसा जरा कमी ठेवायचा.

याचं कारण शरीरात आहे. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन वेगाने पळताना तीसेक किलोमीटरपर्यंत सरत येतं आणि मग पावलं जड होतात. धावपटू याला 'वॉल' म्हणतात. मुंबईत त्यात ऊन मिसळतं. पाचला अंधारात सुटलेली बहीण नऊला पेडर रोडवर असते. तोवर सूर्य चांगला वर आलेला असतो आणि समुद्राकाठची दमट हवा घाम वाळू देत नाही. त्यावर समोर चढ. म्हणजे बघ्यांची ही आवडती जागाच अंदाजाला सर्वांत अवघड आहे.

आता बहिणीच्या प्रत्यक्ष धावण्याकडे येऊ आणि टप्प्याच्या वेळा मिळत गेल्या तसा अंदाज कसा बदलतो ते पाहू. अर्ध्या अंतराच्या मॅटवर तिची नेट टाइम बरोबर २:१५:००. म्हणजे ६:२४ चा पेस तंतोतंत. इथे घरच्यांना हायसं वाटतं आणि तिथेच ते फसतात, कारण अर्ध्या अंतरावरची वेळ उत्तरार्धाबद्दल फारच थोडं सांगते. डीनर यांची स्त्रियांची सरासरी तिला लावून पाहा. उत्तरार्धाचा पेस ७:०९ होतो आणि पेडर रोडची वेळ नऊ-एकवरून नऊ-बाराच्या आसपास सरकते. तिची चाल अजून बिघडलेली नसतानाही आपल्याला ही शक्यता धरावी लागते.

मग तीस किलोमीटरची मॅट. सारखा पेस असता तर ३:१२:०० दिसायला हवी होती, दिसते ३:१५:३०. साडेतीन मिनिटांचाच फरक, म्हणून दुर्लक्ष करावंसं वाटतं. पण अर्ध्यापासून इथपर्यंतचे ८.९ किलोमीटर वेगळे काढले तर तिला त्यांना साडेसाठ मिनिटं लागली आहेत, म्हणजे ६:४८ चा पेस. आता उरलेल्या सहा किलोमीटरसाठी तीन उत्तरं निघतात. सुरुवातीपासूनची सरासरी, ६:३१, पुढे चालवली तर पेडर रोड ९:०५:३६ ला. शेवटच्या तुकड्याचा पेस, ६:४८, धरला तर ९:०७:१८. आणि ती अजून मंदावेल, चढ आणि ऊन धरून ७:२० ने येईल असं मानलं तर ९:१०:३०.

माझ्या मते यातलं मधलं उत्तर पाया म्हणून घ्यावं, पहिल्याला अंदाजाची अलीकडची कड मानावं आणि पलीकडची कड तिसऱ्याच्याही पुढे, सव्वानऊपर्यंत न्यावी. दोन्ही बाजूंना सारखी मिनिटं ठेवणं चूक आहे. तीस किलोमीटरनंतर कोणी अचानक वेगवान होत नाही, त्यामुळे लवकर येण्याला मर्यादा असते. उशिराला मात्र मर्यादा नसते. पोटरीत गोळा आला, वैद्यकीय तंबूत स्प्रे मारून घेतला, मैत्रिणीसोबत चालत राहिली, की पाच मिनिटं सहज गेली.

ट्रॅकिंग ॲप यातलं कोणतं उत्तर दाखवतं? पुष्कळ साधी ॲप पहिलं दाखवतात, म्हणजे आतापर्यंतच्या सरासरीनेच पुढे ढकलतात. नकाशावर सरकणारा ठिपकाही बहुतेक वेळा धावपटूचा नसतो. बिबमागची चिप मॅटच्या पुढे कुठलाही संदेश पाठवत नाही, म्हणून दोन मॅटच्या मधला ठिपका हा मानलेल्या पेसवर चालवलेला हिशोब असतो. ठिपका पेडर रोड ओलांडून गेला आणि बहीण दिसली नाही, तर घाबरू नये आणि जागाही सोडू नये. ती बहुधा मागे आहे. ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक नव्या मॅटला अंदाजाची वेळ पुढे पुढेच जात असेल, तर ॲप मंदावणं धरत नाही आणि खरी वेळ त्याच्याही पुढची असणार. कधी एखादी मॅट चिप वाचतच नाही, किंवा नोंद उशिरा येते. मग शेवटची नोंद जुनीच राहते. अशा वेळी 'ती थांबली' असा निष्कर्ष काढण्याआधी पुढच्या मॅटची वाट पाहावी. फोनवरून थेट ठिकाण पाठवण्याचा उपाय याहून चांगला आहे, पण गर्दीत नेटवर्क रेंगाळतं आणि धावणाऱ्याने फोन सोबत घ्यावा लागतो.

सरासरीने पुढे ढकलण्यापेक्षा चांगली पद्धत आहे का, हा प्रश्न एकदा फार दुःखद कारणाने गंभीरपणे तपासला गेला. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन बॉम्बस्फोट झाले आणि शर्यत थांबवली गेली. पाच हजारांहून जास्त धावपटू अर्ध्यापुढे येऊनही पूर्ण करू शकले नाहीत. त्यांच्याकडे दर पाच किलोमीटरच्या वेळा होत्या, शेवटची नव्हती. ती किती आली असती हे काढण्याचं काम डोरिट हॅमरलिंग, रिचर्ड स्मिथ आणि इतर संख्याशास्त्रज्ञांनी हाती घेतलं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी अनेक पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यांत उजवी ठरलेली पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. ज्या धावपटूची वेळ हवी, त्याच्याशी टप्प्यांच्या वेळा सर्वांत जुळणारे, शर्यत पूर्ण केलेले धावपटू शोधायचे आणि त्यांनी पुढचं अंतर कसं कापलं ते पाहायचं. कायम पेस धरण्यापेक्षा हे चांगलं उतरलं. त्यात चढ, थकवा, मंदावणं हे वेगळं घालावं लागत नाही, कारण त्या इतर धावपटूंच्या पायांनी ते आधीच मोजलेलं असतं.

घरबसल्या हे करण्याची युक्तीही आहे. शर्यतीच्या मागच्या वर्षीच्या निकालात टप्प्यांच्या वेळा असतात. बहिणीच्या लक्ष्याजवळच्या आणि जवळपास तेवढीच अर्ध्या अंतराची वेळ असलेल्या आठ-दहा जणींच्या तीस आणि पस्तीस किलोमीटरच्या वेळा काढाव्यात. त्यांतल्या मधल्या वेळेवर अंदाज ठेवावा आणि सर्वांत उशिराच्या वेळेवर थांबण्याची मर्यादा. सूत्राने जे मिळत नाही ते त्या एका मार्गाचं वागणं इथे आपसूक मिळतं. फक्त मार्ग आणि सुटण्याची वेळ तीच हवी.

मार्गाचं वागणं किती वेगळं असू शकतं हे साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये दिसतं. तिथे धावपटू यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जातात आणि वळून त्याच वाटेने उतरतात. २ तास २० मिनिटांत पूर्ण करणाऱ्याने जाताना १ तास १५ आणि येताना १ तास ५ मिनिटं घेतली असं धरा. सारख्या पेसचा हिशोब त्याला वळणावर १ तास १० मिनिटांनी आणून उभा करतो. प्रत्यक्षात तो पाच मिनिटं उशिरा येतो. गंमत म्हणजे परतीच्या वाटेवर ही चूक कमी कमी होत जाते आणि शेवटाला शून्य होते. सपाट मॅरेथॉनमध्ये चूक शेवटाकडे वाढते, इथे मध्यावर सर्वांत मोठी असते. चढात जे जातं ते उतारात पूर्ण परत मिळत नाही, म्हणून सपाट रस्त्यावरचा पेस घेऊन घाटाचा अंदाज बांधला तर तो शेवटालाही जुळत नाही.

अव्वल धावपटूंच्या बाबतीत यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. ते बंदुकीबरोबर रेषा ओलांडतात आणि पेस सेकंदांत राखतात. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने मुंबईत २:०७:३२ चा विक्रम केला, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटं आणि एक-दोन सेकंद. अलीकडच्या वर्षांत हा गट साधारण सात-वीसला सुटतो. त्या वेगाचा माणूस ३६ किलोमीटरला नऊ वाजून नऊ मिनिटांच्या सुमारास येतो. वर काढलेली बहिणीची वेळ पुन्हा पाहा. दोन तासांहून जास्त आधी सुटलेली ती आणि आघाडीचे धावपटू पेडर रोडला एकाच सुमाराला येतात. सगळ्यांच्या नजरा आणि कॅमेरे पुढच्या गाडीकडे लागलेले असतात आणि नेमकी त्याच मिनिटाला बाजूने आपली ताई निघून जाते. हा धोका गणितात दिसत नाही, पण तो खरा आहे.

कितीही चांगला अंदाज दहा मिनिटांची खिडकी देतो, क्षण देत नाही. त्या दहा मिनिटांत शेकडो धावपटू समोरून जातात आणि सगळ्यांच्या टी-शर्टवर सारखीच घामाची नक्षी असते. म्हणून आदल्या रात्रीच बसून ठरवा. ती रस्त्याच्या कोणत्या बाजूने येणार, तुम्ही कोणत्या दुकानासमोर किंवा बसथांब्यापाशी उभे असणार, तिच्या टोपीचा रंग कोणता, बिबचा नंबर किती. तिने तुम्हाला शोधायचं असेल तर फलक डोक्याच्या वर धरा, छातीशी नको. वाहतूक बंद असते, मेट्रो किंवा लोकलने येऊन चालत पोहोचायला लागणारा वेळ धरूनच निघा. आणि सव्वानऊ झाले, ती आली नाही, तरी पस्तीस किलोमीटरची नोंद आली आहे का ते पाहून आणखी पंधरा मिनिटं थांबा. उशिरा येणाऱ्यालाच त्या चढावर आपलं माणूस दिसण्याची जास्त गरज असते.